जुन्या कंपनीची दोन पत्रं, आणि पुढची कंपनी त्यांत काय वाचते

खासगी नोकरी सोडताना हातात दोन पत्रं पडतात. एक रिलीव्हिंग लेटर, दुसरं एक्स्पिरियन्स लेटर. सरकारी खात्यातल्या लोकांना सांगायचं तर एक कार्यमुक्तीचा आदेश आणि एक अनुभवाचा दाखला. बहुतेक जण दोन्ही पत्रं न वाचता फाइलला लावतात आणि पुढच्या नोकरीत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी झेरॉक्स काढताना पहिल्यांदा नीट बघतात. तोवर जुन्या कंपनीतला ओळखीचा माणूस बदललेला असतो आणि फोन कुणी उचलत नाही.

मी चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात एचआरला आहे. नव्याने येणाऱ्यांची जुनी कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम. समोरच्या टेबलावर बसून ही पत्रं कशी वाचली जातात, ते आज लिहिते. कारण ‘कंडक्ट’पुढे ‘गुड’ लिहिलंय की ‘व्हेरी गुड’, यावर मुलं रात्र रात्र काळजी करतात, आणि ज्या वाक्याने खरंच काम अडतं ते त्यांच्या नजरेतून सुटतं.

आधी दोन पत्रांतला फरक. रिलीव्हिंग लेटर तुम्हाला उद्देशून असतं. ‘तुमचा अमुक तारखेचा राजीनामा स्वीकारला, अमुक तारखेला कामाची वेळ संपल्यावर तुम्ही मोकळे’, एवढंच त्याचं काम. ते जुनं नातं संपवतं. एक्स्पिरियन्स लेटर मात्र जगाला उद्देशून असतं, म्हणून त्यावर ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’ लिहितात. हा माणूस आमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होता आणि कुठल्या पदावर होता, हे ते सांगतं. काही कंपन्या दोन्ही एकाच पानावर देतात. त्याला हरकत नाही, पण दोन्ही कामं त्या पानाने केली पाहिजेत.

वाचताना माझ्या डोक्यात तीनच प्रश्न असतात. हा माणूस खरंच मोकळा झालाय का? याने बायोडेटात लिहिलेला काळ आणि पद खरं आहे का? आणि हा बाहेर कसा पडला? बाकी शुभेच्छा, ‘ब्राइट फ्यूचर’ वगैरे मजकूर मी वाचतही नाही.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तारखा आणि पद बदललंय, बाकी जसंच्या तसं.

बार्शीकडचा एक मुलगा, डिप्लोमा मेकॅनिकल. बायोडेटात लिहिलेलं: क्वालिटी इंजिनिअर, जून 2019 ते ऑगस्ट 2023, एकाच कंपनीत चार वर्षं. मुलाखत उत्तम झाली. आम्ही ऑफर दिली आणि ऑफर लेटरमध्ये नेहमीचं वाक्य होतं, की ही नोकरी कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून आहे. मग त्याची पत्रं आली.

रिलीव्हिंग लेटरचा मजकूर असा: 14 जून 2023 च्या राजीनाम्यानुसार तुम्हाला 12 ऑगस्ट 2023 रोजी कामाची वेळ संपल्यानंतर कार्यमुक्त करण्यात येत आहे, ‘सब्जेक्ट टू सेटलमेंट ऑफ ड्यूज’. एक्स्पिरियन्स लेटर सांगत होतं की तो 1 जुलै 2020 ते 12 ऑगस्ट 2023 या काळात ज्युनियर इंजिनिअर क्यूए म्हणून कामावर होता आणि त्याची वर्तणूक ‘सॅटिस्फॅक्टरी’ आढळली.

त्या मुलाला चिंता होती ‘सॅटिस्फॅक्टरी’ची. फोनवर पहिलं वाक्य हेच, “मॅडम, त्यांनी गुड नाही लिहिलं, प्रॉब्लेम होईल का?” मी ज्या तीन ठिकाणी पेन्सिलने खूण केली होती, त्यांत तो शब्द नव्हता.

पहिली खूण ‘सब्जेक्ट टू’वर. मराठीत अर्थ असा, की तुला सोडलंय, पण येणं-देणं मिटलं तर. म्हणजे पत्र आहे आणि नाहीही. नवीन कंपनीला त्यातून कळतं की जुन्या कंपनीचं काहीतरी बाकी असू शकतं. नोटीस पिरियडचे पैसे, ट्रेनिंगचा बाँड, उचल, लॅपटॉप, काहीही. उद्या जुन्या कंपनीने ईमेल केला की ‘हा आमच्याकडून अजून मोकळा झालेला नाही’, तर डोकेदुखी आमची.

अनेक कंपन्यांच्या छापील नमुन्यात हे वाक्य आपोआप येतं, हे मला माहीत आहे. कारण पत्र शेवटच्या दिवशी देतात आणि फुल अँड फायनल हिशोब नंतर करतात. त्यामुळे मी त्या वाक्यावरून माणसाला वाईट ठरवत नाही. पण ती सुटलेली गाठ बांधणारा दुसरा कागद मागते. एकतर फुल अँड फायनलचं स्टेटमेंट, किंवा जुन्या एचआरचा एका ओळीचा ईमेल की काही बाकी नाही.

या मुलाने राजीनाम्याच्या दिवसापासून मोजून बरोबर साठ दिवस भरले होते, म्हणजे नोटीसचा प्रश्नच नव्हता. तरी बाकी निघाली. काय, तर स्टोअर्समधून घेतलेला एक व्हर्निअर कॅलिपर. त्याने तो परत केला होता, पण नो ड्यूज फॉर्मवर स्टोअर्सची सही राहिली होती. त्या एका सहीपायी हिशोब अडकला आणि हिशोब अडकल्यामुळे पत्रावरची अट जिवंत राहिली. तो एक दिवस तिकडे गेला, सही घेतली, आठवड्याने ईमेल आला. विषय संपला.

दुसरी खूण तारखांवर. बायोडेटात जून 2019, पत्रात जुलै 2020. एका वर्षाचा फरक. हा फरक दिसला की पडताळणी करणारी एजन्सी सरळ ‘डिस्क्रिपन्सी’ असा शेरा मारते. वाढवून सांगितलेला अनुभव आणि प्रामाणिक गोंधळ यांत ती फरक करत नाही, ते तिचं कामही नाही.

खरी गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक एमआयडीसीतली आहे. पहिलं वर्ष तो त्याच गेटमधून आत जात होता, त्याच लाइनवर काम करत होता, पण ठेकेदाराच्या पगारपत्रकावर. जुलै 2020 ला कंपनीने त्याला स्वतःकडे घेतलं. त्याच्या मनात ती एकच नोकरी. कागदावर दोन मालक, दोन पीएफ खाती. कंपनी पहिल्या वर्षाचं पत्र देणारच नाही, कारण ते दिलं तर ठेक्यावरचा कामगार आपलाच होता असं लेखी कबूल केल्यासारखं होईल. त्यामुळे तिथे भांडून उपयोग नसतो.

मग मार्ग काय? बायोडेटात दोन ओळी वेगळ्या करायच्या. पहिल्या ओळीत ठेकेदार एजन्सीचं नाव आणि पुढे ‘अमुक कंपनीच्या साइटवर नेमणूक’. दुसऱ्या ओळीत कंपनी. पहिल्या वर्षासाठी ठेकेदाराचं पत्र घ्यायचं, आणि त्यात कामाची साइट आणि काम काय होतं हे लिहून घ्यायचं. बहुतेक ठेकेदार फक्त ‘आमच्याकडे हेल्पर म्हणून होता’ एवढं लिहून देतात. तो मुलगा वर्षभर पार्ट्सची तपासणी करत होता आणि पत्रात हेल्पर! पद बदलून मिळणार नाही, कारण पगारपत्रकावर तेच आहे. पण ‘इन्स्पेक्शन विभागात काम केलं’ ही ओळ मिळू शकते, आणि माझ्यासारखीला ती पुरते. ठेकेदार सापडतच नसेल तर पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफची नोंद. या मुलाला ठेकेदाराचं पत्र मिळालं, कारण तो अजून त्याच भागात माणसं पुरवत होता. पाच वर्षांनी गेला असता तर सापडला असता का, देव जाणे.

तिसरी खूण पत्रावर नव्हती, पीएफवर होती. हे अनेकांना माहीतच नसतं. तुमचं पत्र काहीही म्हणो, तुमच्या यूएएन खात्यात प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट नोंदलेला असतो. पीएफच्या सदस्य पोर्टलवर View मध्ये Service History उघडा, सगळं दिसेल. नवीन कंपन्या हल्ली त्याचा स्क्रीनशॉट मागतात. या मुलाच्या नोंदीत नोकरीचा शेवट 31 जुलै 2023 होता, पत्रात 12 ऑगस्ट. ऑगस्टचे बारा दिवस फुल अँड फायनलमध्ये गेले आणि क्लार्कने आधीच्या महिन्याची तारीख टाकून दिली.

बारा दिवस किरकोळ वाटतात. पण वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो: हा 31 जुलैनंतर यायचा बंद झाला होता का, आणि पत्र नंतर मिटवामिटवीत दिलं का? ऑगस्टची हजेरी आणि पगाराची स्लिप दाखवल्यावर आमचं समाधान झालं. नोंद कायमची दुरुस्त करायची तर तेव्हा सदस्य आणि मालक दोघांचं जॉइंट डिक्लेरेशन लागायचं, ते त्याला करायला सांगितलं.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. जुन्या नोकरीचा शेवट नव्या नोकरीच्या सुरुवातीनंतरचा दिसला, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. आणि जुन्या कंपनीने शेवटची तारीख टाकलीच नाही, तर ती तुम्हाला स्वतः Manage मधल्या Mark Exit मध्ये टाकता येते. पण पीएफचा शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं.

आता त्या ‘सॅटिस्फॅक्टरी’बद्दल. जर्मनीत मालकाने नोकरी सोडणाऱ्याला द्यायच्या प्रशस्तिपत्राची एक ठरलेली भाषा तयार झाली आहे. ‘आमच्या पूर्ण समाधानाने’ आणि ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाने’ यांत तिथे एका श्रेणीचा फरक मानतात, आणि त्यावरून लोक कोर्टातही जातात. आपल्याकडे अशी ठरलेली उतरंड नाही. एका कंपनीच्या नमुन्यात ‘गुड’ छापलेलं असतं, दुसरीच्या ‘सॅटिस्फॅक्टरी’, आणि मोठ्या कंपन्या तर वर्तणुकीचं वाक्य कुणालाच देत नाहीत. फक्त पद आणि तारखा. वकिलांनी त्यांना तसं सांगितलेलं असतं.

म्हणून शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो, तो त्या कंपनीच्या नेहमीच्या नमुन्याशी ताडून बघावा लागतो. आमच्याकडे त्याच कंपनीतून आधी आलेल्या दोघांच्या फाइली होत्या. दोघांच्याही पत्रात ‘सॅटिस्फॅक्टरी’. एक तर आज आमचा लाइन इन्चार्ज आहे. पण समजा, त्या दोघांच्या पत्रात वर्तणुकीचं वाक्य असतं आणि याच्या पत्रात नेमकं तेच गाळलेलं असतं, तर मी फोन उचलला असता. म्हणून पत्र हातात आलं की तुमच्याच कंपनीतून आधी गेलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या पत्राशेजारी ठेवून बघा. फरक असेल तर तो का आहे, हे तिथेच विचारा.

आणि एक खरं सांगते. तुम्ही माणूस म्हणून कसे होतात, हे आम्ही पत्रात शोधतच नाही. जुन्या एचआरला जो पडताळणीचा फॉर्म जातो, त्यात बहुतेक वेळा एक प्रश्न असतो: या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का? हो, नाही, किंवा कोरं. त्या चौकोनाला जेवढं वजन आहे तेवढं पत्रातल्या कुठल्याच विशेषणाला नाही.

आता तिसरा प्रश्न, माणूस बाहेर कसा पडला. इथे क्रियापद बघायचं. ‘रिझाइन्ड’ म्हणजे स्वतः सोडली. ‘सर्व्हिसेस डिसकंटिन्यूड’ किंवा ‘नो लाँगर रिक्वायर्ड’ म्हणजे कंपनीने सोडवली. ‘अबँडन्ड’ किंवा ‘अॅब्स्कॉन्डिंग’ म्हणजे न सांगता यायचा बंद झाला. ‘सेपरेटेड’ हा शब्द मुद्दाम पुसट ठेवलेला असतो, तो दिसला की मी कारण विचारते. विचारते म्हणजे नाकारते असं नाही. काम कमी झालं म्हणून वीस जणांना काढलं आणि त्यात मी होतो, हे ऐकून मी कुणाची फाइल बाजूला टाकलेली नाही.

पण याच ठिकाणी मुलांची मोठी फसगत होते, आणि ती पुढच्या नोकरीपुरती नसते. कंपनी कपात करते, आणि मीटिंग रूममध्ये बोलावून सांगते, “राजीनामा लिहून दे, मग रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देतो. नाहीतर टर्मिनेशन लिहावं लागेल.” मुलगा घाबरून लिहून देतो. पत्र स्वच्छ मिळतं, खरं आहे. पण त्या पत्रात आता लेखी आहे की याने स्वखुशीने नोकरी सोडली. तो कायद्याच्या व्याख्येतला कामगार असेल आणि वर्षभर सलग काम झालेलं असेल, तर छाटणीत दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळायला हवा. राजीनामा दिला की ती मागायचा पायाच खचतो. नंतर कामगार न्यायालयात ‘जबरदस्तीने लिहून घेतला’ हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते.

खोटं न बोलता मधला रस्ता निघतो. ‘कंपनीने मनुष्यबळ कमी केल्यामुळे सेवा संपली’, असं स्पष्ट वाक्य पत्रात मागा. माझ्यासारख्या वाचणाऱ्याला ते ‘रिझाइन्ड’पेक्षा वाईट दिसत नाही. उलट पत्रात राजीनामा आणि मुलाखतीत कपात, अशी दोन तोंडं दिसली की शंका येते.

शेवटचा मुद्दा पत्र अडवून ठेवण्याचा. नोटीसचे पैसे भर, बाँडचे पैसे भर, मग पत्र देऊ, हे सर्रास चालतं. कामगारांच्या बाबतीत हे नियमात बसत नाही. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखाली केंद्राने जे नमुना आदेश केले, त्यांत कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती किंवा निवृत्तीच्या वेळी सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क लिहिलेला होता. बघा, बडतर्फ झालेल्यालाही! कारण दाखला म्हणजे शाबासकी नाही, ‘हा इतका काळ इथे होता’ एवढी ती नोंद आहे. कंपनीचं पैशाचं भांडण असेल तर तिने ते वेगळं भांडावं.

अडचण अशी की हा हक्क कामगारापुरता लिहिला गेला. सुपरवायझर, मॅनेजर, ऑफिसातली बरीच मंडळी त्या व्याख्येबाहेर राहतात, आणि मग त्यांच्यासाठी अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय तेच खरं. म्हणून ते जपून ठेवा. हिशोबाबाबत मात्र आता एक आधार आहे. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरही देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. तेव्हा ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी, तोवर पत्र अटीसह’ ही जुनी सवय कंपन्यांना सोडावी लागेल. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला तीस दिवसांची मुदत आहे.

पत्र अडवलंच तर निदान पुरावा तयार ठेवा. राजीनाम्याचा ईमेल, तो स्वीकारल्याचं उत्तर, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि पीएफची नोंद. राजीनामा स्वीकारल्याचा आणि शेवटच्या दिवसाची तारीख सांगणारा ईमेल असेल, तर आम्ही त्यावर रुजू करून घेतो आणि पत्र आणायला मुदत देतो. मात्र हे ईमेल कंपनीच्या खात्यावर असतात आणि शेवटच्या दिवशी ते खातं बंद होतं. तेव्हा स्वतःच्या राजीनाम्याचा पत्रव्यवहार, नुसता तेवढाच, राजीनामा देतानाच स्वतःच्या ईमेलला सीसी ठेवा. कंपनीच्या बाकी फाइली मात्र बाहेर पाठवू नका, त्यावरून उलट कारवाई होते.

आणि हे सगळं तपासायची वेळ शेवटच्या दिवसाच्या आधीची. नोटीसच्या शेवटच्या आठवड्यात एचआरकडे जाऊन नम्रपणे म्हणा, “सर, पत्राचा मसुदा एकदा बघू का? नाव, तारखा आणि पद तपासून घेतो.” तेव्हा दुरुस्ती पाच मिनिटांची असते. जाऊन चार महिने झाले की त्याच दुरुस्तीसाठी फाइल उघडावी लागते, साहेबांची सही लागते, आणि तुम्ही तिथे कुणीच नसता.

तो मुलगा ठरल्या तारखेपेक्षा सोळा दिवस उशिरा रुजू झाला. सोळा दिवसांचा पगार बुडाला, खोलीचं भाडं मित्राकडून घेतलं. कारण काय, तर स्टोअर्सची एक सही, ठेकेदाराची एक ओळ आणि क्लार्कने टाकलेली एक तारीख.

तुमच्या पत्रातलं एखादं वाक्य कळत नसेल, तर कंपनीचं आणि स्वतःचं नाव झाकून खाली लिहा. मला जेवढं समजतं तेवढं सांगेन. आणि घरात कुणी सध्या नोटीस पिरियडवर असेल तर त्याला हे आज वाचायला द्या.